गळू आले तर: शेक कसा द्यावा, दाबू का नये आणि चिरा केव्हा लागतो

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला, दुचाकीच्या सीटला जिथे कातडी घासते तिथे, हरभऱ्याएवढी एक दुखरी गाठ आली. तिसऱ्या दिवशी मी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि सातव्या दिवशी शल्यचिकित्सकाच्या टेबलावर पालथा पडलो होतो. मधल्या चार दिवसांत मला भरपूर सल्ले मिळाले. कोणी शेक द्यायला सांगितला, कोणी कांद्याचे पोटीस बांधायला सांगितले, कोणी लगेच चिरा देऊन मोकळे व्हायला सांगितले. यांतील प्रत्येक सल्ल्यामागे काही ना काही अनुभव होता. पण गळू कोणत्या अवस्थेत असताना काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही. कच्च्या गळवाला चिरा देऊन फारसे काही निघत नाही आणि आत पुवाचा मोठा साठा झाल्यावर नुसत्या शेकावर दिवस काढणे धोक्याचे ठरते. म्हणून अवस्था कशी ओळखायची आणि त्या त्या वेळी काय करायचे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांना आणि रोज ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकाबाईंना विचारून विचारून जे समजले आणि जे स्वतः भोगले, तेवढेच सांगतो आहे.

१. ते गळूच आहे का, हे आधी पाहा

गळवाची सुरुवात बहुतेक वेळा केसाच्या मुळाशी होते. घाम, घट्ट कपड्याचे घर्षण, दाढीचे पाते किंवा नखाचा ओरखडा यांमुळे केसाच्या तोंडाशी बारीक इजा होते आणि तेथून जिवाणू आत शिरतात. यांत सर्वाधिक आढळणारा जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. साधारण दर ३ निरोगी माणसांपैकी एकाच्या नाकात तो कोणताही त्रास न देता राहत असतो. त्यामुळे गळू आले म्हणजे माणूस अस्वच्छ राहतो, असा अर्थ काढू नये. जिवाणूंना अडवण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. मेलेल्या पेशी, जिवाणू आणि विरघळलेले मांस मिळून पू तयार होतो आणि शरीर त्या पुवाभोवती एक भिंत उभी करते. ही भिंत लक्षात ठेवा, कारण दाबायचे का नाही याचे उत्तर तिच्यातच आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत गाठ लाल, कडक आणि हात लावल्यावर दुखणारी असते. सावळ्या कातडीवर लाली सहसा ठळक दिसत नाही. तेथे रंग जांभळट किंवा गडद होतो, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने आसपासच्या कातडीशी तुलना करून गरमपणा तपासावा. पुढे ठणका सुरू होतो, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखू लागते. नंतर मधोमध पिवळट टोक दिसू लागते, यालाच आपण गळवाने तोंड धरले असे म्हणतो. लहान असेल तर घरात त्याला केसतोड म्हणतात. शेजारशेजारची अनेक केसतोडे आतून जोडली जाऊन एकच मोठा, अनेक तोंडांचा फोड झाला तर डॉक्टर त्याला कार्बंकल म्हणतात. तो बहुधा मानेच्या मागे किंवा पाठीवर येतो आणि त्याचा उपचार घरी करायचा नसतो.

काही गोष्टी गळवासारख्या दिसतात. कीटक चावल्याची गांधी दुखण्यापेक्षा अधिक खाजते. नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. त्याच जागी वर्षानुवर्षे न दुखणारी गोल गाठ होती आणि तीच आता सुजली असेल, तर ती पिकलेली सिस्ट असू शकते. तिचा पू निघाला तरी आतली पिशवी राहिल्यास ती पुन्हा भरते, म्हणून डॉक्टरांना ही जुनी गाठ आवर्जून सांगावी. जांघेतील गाठीबाबत तर स्वतः काहीच ठरवू नये, कारण तेथे अवधाण, हर्निया किंवा रक्तवाहिनीचा फुगाही असू शकतो.

२. कोणत्या गळवासाठी घरी थांबू नये

शेकाची माहिती देण्याआधी हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढचे सर्व काही या यादीत न बसणाऱ्या गळवासाठीच आहे. खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

– गळू नाकावर, नाकाच्या आत, वरच्या ओठावर किंवा डोळ्याजवळ आहे.
– गळू गुदद्वाराजवळ, पाठीच्या कण्यावर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनावर आहे.
– थंडी वाजून ताप येतो आहे, मळमळते आहे किंवा फार गळून गेल्यासारखे वाटते आहे.
– गळवापासून लाल रेघ निघून वर सरकते आहे किंवा सूज झपाट्याने पसरते आहे.
– रुग्णाला मधुमेह आहे, तो स्टेरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेतो आहे, किंवा रुग्ण तान्हे बाळ आहे.

यांतील गुदद्वाराजवळच्या गळवाबद्दल लोक संकोचाने बोलत नाहीत आणि म्हणूनच ते अंगावर काढले जाते. तेथील गळू वरून कडक आणि लहान वाटले तरी आत खोलवर पू असू शकतो, त्यामुळे तेथे टोक दिसण्याची वाट पाहायची नसते. अशा गळवातून पुढे भगंदर होऊ शकते. बसताना किंवा शौचाला जाताना त्या जागी सतत ठणका असेल तर ते मूळव्याध आहे असे स्वतःच ठरवू नका.

आणखी एक इशारा. गळवाच्या दिसण्याच्या मानाने वेदना फारच जास्त असतील, कातडी काळी-निळी पडू लागली असेल किंवा तेथे बधिरपणा आला असेल, तर उद्या सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. असा संसर्ग आतल्या थरांत काही तासांत पसरू शकतो.

३. घरी लागणारे सामान

सामान फार लागत नाही: सहा-सात स्वच्छ, मऊ सुती फडकी (जुने धुतलेले धोतर किंवा सुती साडी फाडून केलेली चालतात), पाणी गरम करण्याचे पातेले, हात धुण्याचा साबण, औषधाच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक गॉजचे तुकडे, कागदी चिकटपट्टी, थर्मामीटर आणि एक बॉलपेन. पेन कशासाठी ते पुढे येईलच. वापरलेली फडकी वेगळी ठेवण्यासाठी झाकणाचा एक डबा किंवा बादली हवी. सुई, ब्लेड किंवा चिमटा या सामानात नाही.

४. शेक असा द्या

शेकाने गळू 'जिरते' किंवा 'फुटते' असे आपण म्हणतो. दोन्ही घडू शकते. उबेने तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी अधिक संख्येने पोहोचतात आणि वरची कातडी मऊ होते. संसर्ग अगदी सुरुवातीचा असेल तर तो तेथेच आवरतो. पू झालेला असेल तर तो एका जागी गोळा होऊन पृष्ठभागाकडे येतो आणि आपणहून वाट काढतो. लहान गळू बऱ्याचदा एवढ्यावरच बरे होते.

आधी साबणाने हात धुवा. पाणी उकळून बाजूला ठेवा आणि ते मनगटाच्या आतल्या बाजूस सोसेल इतके निवू द्या. आंघोळीच्या कढत पाण्यापेक्षा ते अधिक गरम असता कामा नये. फडके पाण्यात बुडवून पिळा, गळवावर आणि त्याच्या भोवती बोटभर जागा झाकेल असे ठेवा आणि नुसते टेकवून धरा. जोर लावायचा नाही, चोळायचे नाही. फडके तीन-चार मिनिटांत निवते, तेव्हा ते पुन्हा गरम पाण्यात बुडवण्याऐवजी दुसरे घ्यावे. एकदा पुवाला लागलेले फडके त्याच पातेल्यात बुडवले की सगळे पाणी दूषित होते. मी पहिले दोन दिवस नेमके हेच करत होतो. एका बैठकीत १० ते १५ मिनिटे आणि दिवसातून तीन ते चार वेळा शेक द्यावा. शेवटी जागा हलकेच टिपून कोरडी करावी आणि पू येत असेल तर गॉज ठेवून पट्टी लावावी.

शेकाने पहिल्या दिवशी ठणका कमी होतो, पण गाठ मोठी झाल्यासारखी वाटू शकते. पू एका जागी येत असल्याचे ते लक्षण असू शकते. गाठ मोठी होऊन मधे मऊ पडत असेल तर ते अपेक्षित आहे. मात्र भोवतालची लाली आणि कडकपणा चहूबाजूंना पसरत असेल तर ते अपेक्षित नाही. हा फरक डोळ्यांनी लक्षात राहत नाही, त्यासाठीच पेन लागते. पहिल्या दिवशी लालीच्या किंवा कडकपणाच्या कडेवरून पेनाने रेघ काढून ठेवावी आणि दिवस व वेळ कागदावर लिहावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली की घरचा उपचार थांबवून डॉक्टरांकडे जावे.

गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेला कपडा किंवा विटेचा शेक यांत उष्णता किती आहे हे नीट कळत नाही आणि कातडी भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना बधिरता आली आहे त्यांना भाजलेले समजतही नाही. त्यांना डॉक्टरांनी शेक सांगितला असेल तर त्याचे पाणी घरातील दुसऱ्या माणसाने तपासावे. दुखणे कमी करण्यासाठी मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा सहा तासांच्या अंतराने घेता येते, यकृताचा आजार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवावा, कारण गोळीने ताप उतरतो आणि एक महत्त्वाची खूण झाकली जाते.

५. दाबू नका

तिसऱ्या दिवशी माझ्या गळवाने तोंड धरले होते. पिवळा ठिपका दिसत होता आणि थोडा जोर लावला की सगळे निघून जाईल असे वाटत होते. मी आंघोळीनंतर ते दाबले. थेंबभर पू आणि बरेचसे रक्त आले, ठणका अर्धा तास कमी झाला आणि त्याच रात्री मला थंडी भरून आली. सकाळी सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती आणि भोवतालची हातभर नाही तरी चार-पाच बोटे जागा कडक व गरम लागत होती.

डॉक्टरांनी नंतर समजावले ते असे. पुवाची पोकळी एखाद्या भरलेल्या पिशवीसारखी असते. वरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते आणि आतला साठा त्या मानाने पुष्कळ. बाजूंनी दाब दिल्यावर तो साठा फक्त वरच जाईल असे नाही. जिथे भिंत कमजोर असेल तिथे तो जातो. शरीराने कष्टाने उभारलेली ती भिंत आतून फुटते आणि जिवाणू शेजारच्या चरबीत, क्वचित रक्तातही शिरतात. माझ्या बाबतीत आत नेमके हेच घडले होते: वरून थेंब आला आणि बाकीचा पू खालच्या बाजूला सरकला.

चेहऱ्यावर हा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातील शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या एका मोठ्या शिरेच्या पोकळीशी जोडलेल्या आहेत आणि त्यांत रक्त उलट दिशेनेही वाहू शकते. तेथील फोड दाबल्याने संसर्ग त्या पोकळीपर्यंत जाऊन गुठळी होणे ही दुर्मीळ, पण जीवघेणी घटना आहे. चेहऱ्यावरील गळवानंतर तीव्र डोकेदुखी, पापणी सुजणे, डोळा पुढे आल्यासारखा दिसणे किंवा दोन-दोन दिसणे यांपैकी काहीही झाले तर ते आपत्कालीन लक्षण समजावे.

सुई तापवून टोचणे हाही दाबण्याचाच प्रकार आहे. सुईचे छिद्र लगेच मिटते, पू निघत नाही आणि नवे जिवाणू आत जातात. गळू शेकाने आपणहून फुटले तर मात्र घाबरू नये. आलेला पू गॉजने टिपून घ्यावा, शेक चालू ठेवावा, गॉज ओले झाले की बदलावे आणि उरलेला पू 'काढून टाकण्यासाठी' पिळू नये.

६. पोटीस, चुना आणि दुकानातले मलम

गव्हाच्या पिठाचे किंवा कांदा-हळदीचे पोटीस बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यातून मिळणारा आराम मुख्यतः ओल्या उबेचा असतो आणि ती उब स्वच्छ फडक्यातूनही मिळते. फुटलेल्या गळवावर पोटीस बांधले तर पिठाचे व कांद्याचे कण जखमेत अडकतात, म्हणून तेव्हा ते नकोच. गूळ-चुना आणि रुईचा चीक यांनी कातडी भाजते. माझ्या शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचे गळू लहान होते, पण चुन्याने झालेली जखम त्याहून मोठी होती.

दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज कमी दिसते, परंतु तेथील प्रतिकारही कमी होतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. तशाच दोन-तीन अँटिबायोटिक गोळ्या घेऊन पाहण्याचाही उपयोग नाही, कारण पुवाच्या बंद पोकळीत रक्ताचा पुरवठा नसतो आणि औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. मी दोन दिवस अशा गोळ्या घेतल्या आणि त्यामुळे डॉक्टरांकडे जाणे दोन दिवस लांबले.

७. चिरा देण्याची वेळ कशी ओळखावी

कच्चे गळू सगळीकडे सारखे कडक लागते, दाबल्यासारखे न करता नुसते बोट टेकवले तरी ते कळते. पू साठला की मधला भाग मऊ पडतो. डॉक्टर दोन बोटे गळवाच्या दोन बाजूंना ठेवतात आणि एकाने हलका दाब देऊन दुसऱ्या बोटाला आतला द्रव हलल्याचे जाणवते का, ते पाहतात. हे घरी स्वतः करून पाहू नका. तुम्ही फक्त मधली जागा मऊ, चकचकीत आणि ताणलेली झाली आहे का, एवढे पाहा. पू खोल असेल तर वरून काहीच मऊ लागत नाही, अशा वेळी सोनोग्राफीत पोकळी दिसते.

पुढीलपैकी काही असेल तर शेकावर आणखी दिवस काढू नका: दोन-तीन दिवस नीट शेक देऊनही गळू फुटत नाही वा लहान होत नाही, ते मोठ्या बोराएवढे किंवा त्याहून मोठे झाले आहे, मध्ये मऊ पडले आहे पण तोंड दिसत नाही, ठणक्याने रात्रीची झोप लागत नाही, किंवा फुटून थोडा पू आला आणि छिद्र बंद होऊन पुन्हा सूज भरली. शेवटची खूण फसवी आहे. पू आला म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण आतला मोठा भाग अजून बंदच असतो.

माझे गळू पाचव्या दिवशी असेच झाले होते, आणि तरीही मी आणखी दोन दिवस वाट पाहिली.

८. जाताना काय न्यावे आणि काय सांगावे

साध्या गळवाचा निचरा जनरल सर्जनच्या बाह्यरुग्ण विभागात, बरेचदा त्याच दिवशी घरी सोडून, करतात. सरकारी रुग्णालयांतही ही सोय असते. सोबत आधीच्या आजारांची कागदपत्रे, चालू औषधांची चिठ्ठी किंवा प्रत्यक्ष पाकिटे, या गळवासाठी आधीच घेतलेल्या गोळ्यांची व मलमांची पाकिटे, रक्तातील साखरेचे मागील अहवाल, ओळखपत्र आणि असल्यास आरोग्य विम्याचे कार्ड न्यावे. सैल कपडे घालावेत आणि परत आणण्यासाठी सोबत कोणीतरी असावे.

पाच गोष्टी विचारल्या नाहीत तरी आपण सांगाव्यात: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, भूल देण्याच्या इंजेक्शनाची किंवा कोणत्याही औषधाची ॲलर्जी आहे का, धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले, गरोदर आहात का, आणि हे गळू आधी दाबले होते का. शेवटची गोष्ट मी लाजेने लपवली होती. डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखली आणि त्यामुळेच त्यांनी पू खालच्या बाजूला किती सरकला आहे हे सोनोग्राफीने तपासून घेतले.

येथेच बोटातून थेंब घेऊन माझी साखर पाहिली, ती जेवणानंतर काही तासांनी २६८ निघाली. मला मधुमेह आहे हे तोपर्यंत मला ठाऊक नव्हते. साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, म्हणून मोठ्या गळवाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासतात असे त्यांनी सांगितले. तुमची तपासली नाही, तर तुम्ही स्वतः विचारा.

९. चिरा देताना काय होते

याची भीती वाटूनच लोक टाळतात, म्हणून सविस्तर लिहितो. प्रथम जागा जंतुनाशकाने पुसून भोवती निर्जंतुक कापड पसरतात. मग लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन गळवाच्या भोवती देतात. सुजलेल्या, पुवाच्या जागी हे औषध नेहमीइतके चांगले काम करत नाही, त्यामुळे पूर्ण बधिर होईल अशी अपेक्षा ठेवू नये. इंजेक्शनाची झोंब हाच माझ्या मते सर्वांत त्रासाचा भाग होता, आणि तो एक मिनिटाचा होता. खोल किंवा गुदद्वाराजवळच्या गळवासाठी पूर्ण भूल किंवा कमरेखालची भूल देतात.

त्यानंतर सर्वांत मऊ जागी, शक्यतो कातडीच्या नैसर्गिक रेषेला धरून, चिरा देतात. पू बाहेर आल्याक्षणी ताण सुटतो आणि ठणका थांबतो. सात दिवसांनी प्रथमच मला नीट श्वास घेता आला. पण काम तेथे संपत नाही. आत पडदे असतात आणि पू वेगवेगळ्या कप्प्यांत अडकलेला असतो, म्हणून डॉक्टर एक बोथट चिमटा आत फिरवून ते कप्पे मोकळे करतात आणि पोकळी सलाईनने धुतात. या वेळी ओढल्यासारखे जाणवते. पुवाचा नमुना कल्चरसाठी पाठवला तर कोणते अँटिबायोटिक लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळते. मोठ्या पोकळीत गॉजची वात सैलसर ठेवतात, जेणेकरून वरचे तोंड लवकर मिटू नये. लहान पोकळीत वात न ठेवताही जखम चांगली भरते. माझा सगळा प्रकार सुमारे वीस मिनिटांत झाला.

टाके घातले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले होते. ही जखम मुद्दाम उघडी ठेवतात. ती तळापासून वर भरत यावी लागते. वरून आधी शिवली तर आत पुन्हा पू कोंडतो.

अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतेच असे नाही. लहान गळवाला पू निघणे हाच पुरेसा उपचार ठरू शकतो. ताप, पसरलेली लाली, मधुमेह किंवा मोठे गळू असेल तर गोळ्या देतात. दिल्या असतील तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

१०. नंतरचे ड्रेसिंग

पहिली वात एक-दोन दिवसांनी दवाखान्यातच काढतात. ती सुकून चिकटलेली असते, म्हणून सलाईनने भिजवून मगच काढायला सांगावे. काढण्याआधी अर्धा तास वेदनाशामक गोळी घेतली तर सोपे जाते. पुढे घरी रोज एकदा ड्रेसिंग बदलायचे असते. हात धुवावेत, जुने गॉज काढावे, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जखमेवरून नळाचे स्वच्छ पाणी वाहू द्यावे, भोवतालची कातडी टिपून कोरडी करावी आणि नवे गॉज लावावे. जखमेत हळद, पावडर किंवा जंतुनाशकाचा कापूस कोंबू नये.

पहिले दोन-तीन दिवस गुलाबी पाणी किंवा किंचित पू येतो. तळाशी दाणेदार, लालसर मांस दिसू लागले की जखम नीट भरते आहे असे समजावे. पुन्हा ठणका, घाण वास, घट्ट पिवळा स्राव किंवा ताप आला तर आत एखादा कप्पा राहिला असू शकतो. दिलेल्या तारखेची वाट न पाहता परत जावे. साधी जखम एक-दोन आठवड्यांत भरते. माझी साखर आटोक्यात यायला वेळ लागल्याने मला साडेतीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस दुचाकी बंद होती.

११. घरातल्यांना लागू नये आणि पुन्हा येऊ नये म्हणून

पुवातून हा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो. जखम भरेपर्यंत टॉवेल, साबणाची वडी, दाढीचे पाते आणि चादर वेगळी ठेवावी. शेकाची व ड्रेसिंगची फडकी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून उन्हात वाळवावीत, वापरलेले गॉज पिशवीत बांधून टाकावे. जखम उघडी असताना पोहण्याच्या तलावात जाऊ नये.

उन्हाळ्यात आंबे खाल्ले की गळवे येतात असे आमच्या घरी ठामपणे म्हटले जाते. मे महिन्यात गळवे वाढतात हे खरे, पण त्याला घाम, ओले राहणारे कपडे आणि घर्षण ही कारणे पुरेशी आहेत. दुपारी घरी आल्यावर घामाचे कपडे बदलणे आणि मांड्या, काखा कोरड्या ठेवणे यांचा मला आंबे सोडण्यापेक्षा अधिक उपयोग झाला. साखर वाढलेल्यांनी आंब्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, तो विषय वेगळा.

काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा गळवे येत असतील तर प्रत्येक वेळी चिरा देऊन थांबू नये. साखरेची तपासणी, आणि नाकात जिवाणूचा मुक्काम आहे का याची तपासणी करून घ्यावी. तसे असल्यास काही दिवस नाकात लावायचे मलम आणि जंतुनाशक साबणाची आंघोळ सांगतात, कधी घरातील सर्वांना एकाच वेळी. काखेत किंवा जांघेत त्याच त्याच जागी गाठी येऊन व्रण आणि भोके राहत असतील, तर तो केसांच्या मुळांचा दीर्घकाळचा वेगळा आजार असू शकतो. काखेतल्या अशा गाठींना काखमांजरी म्हणून सोडून दिले जाते आणि वर्षे निघून जातात. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. माकडहाडाच्या वरच्या घडीत पुन्हा पुन्हा पू होत असेल तर तेथे केसांचे नळीसारखे छिद्र असण्याची शक्यता असते आणि ते शल्यचिकित्सकांनी पाहावे लागते.

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी तेव्हा ८.९ होती. औषधे सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी ती ६.८ वर आली. या मे महिन्यात मानेवर एक केसतोड आले होते. चार वेळा शेक, पेनाची एक रेघ आणि न दाबता काढलेले तीन दिवस, एवढ्यात ते आपणहून फुटून वाळले. मात्र मला मधुमेह असल्याने वरच्या यादीप्रमाणे ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे होते.